मुडदा बशिवणे आणि बघून घेणे

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मंठाळ 1956 साली हैदराबाद राज्याच्या कन्नड प्रदेशाबरोबर म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून तेथील मराठी माणसाचे बोलणे सरकारी कागदावर उतरते ते बहुधा कन्नडात. या उताऱ्यात राग आणि लाड यांची अदलाबदल कशी होते, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

आजी दिवेलागणीनंतर घरी परतलेल्या नातवाला म्हणते, "मुडदा बशिवला तुझा! पुन्हा उशीर केलास तर तंगडं मोडून हातात देईन. बस जेवायला." शब्दशः घेतल्यास ही खुनाची आणि हातपाय मोडण्याची धमकी होय. येथे कन्नड अनुवादकाची फारशी अडचण होऊ नये. त्याच्या बोलीतही 'हेण एत्तलि', म्हणजे प्रेत उचलले जावो, असा शाप आयाबाया मुलांना सहज देतात. मराठीने मुडदा बसविला, कन्नडने तो उचलला, भाव एकच. असा जोडशाप हाताशी असता कोशातला अर्थ लिहिणे हा आळस झाला. शिवाय मूळ वाक्याची ठेवणच बोलकी आहे. 'बशिवला' म्हणणारी स्वतः काही करीत नाही. कर्ता कोण, ते वाक्य सांगतच नाही. तंगडे मोडण्याची अट क्षुल्लक आहे, आणि मोडणारीच पुढच्या श्वासात ताट वाढते आहे.

आता दुसरे वाक्य घ्या. बांध कोरल्यावरून भांडण झाले आहे. एकजण शांतपणे तिसऱ्याच्या तोंडी निरोप देतो, "सांगून ठेव त्याला, यंदा पेरायला आला तर बघून घेतो." यात रक्त नाही, प्रेत नाही. 'मी पाहीन' असे भाषांतर केले की धमकी नाहीशी झाली! वस्तुतः भय येथेच आहे. अट खरी आहे, बोलणाऱ्याला ती पाळून हवी आहे. आणि काय करणार हे मुद्दाम झाकून ठेवले आहे. कन्नडातील 'नोडकोंतीनि' हा भार नेमका पेलतो. इंग्रजीत मात्र परिणामाची सूचना देणारे वेगळे वाक्यच घडवावे लागेल.

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे 351 वे कलमही शब्दांच्या उग्रतेवर थांबत नाही. भय उत्पन्न करण्याचा, किंवा भयाने एखादी गोष्ट करावयास वा टाळावयास लावण्याचा हेतू ते विचारते. अनुवादकाने वाक्य एकटे न उचलता त्याच्या आधीचे व नंतरचे बोलणेही उतरून घ्यावे, असे आम्ही म्हणतो ते याचकरिता. आजीचे "बस जेवायला" गाळले तर हेतूचा पुरावाच गळाला.

तरीही ही खूण सर्वत्र पुरत नाही. तेच 'तंगडं मोडीन' बांधावर, हातात कुऱ्हाड घेऊन म्हटले गेले तर शब्द बदलत नाहीत, अर्थ बदलतो. अशा वेळी आम्ही वाक्प्रचार जसाच्या तसा ठेवू, आणि कुऱ्हाडीचा उल्लेख साक्षीत असल्यास तो अनुवादातून गळू देणार नाही.