मुभा म्हणजे हक्क नव्हे

होफेल्डने १९१३च्या लेखात घेतलेलं कोळंबीच्या सॅलडचं उदाहरण आपण पाहू. मालक पाहुण्याला म्हणतात, ‘जमलं तर खा, पण आम्ही अडवणार नाही, असं काही वचन देत नाही.’ पाहुण्याने खाल्लं, तर मालकांचा हक्क मोडत नाही. ही झाली मुभा. पण त्यांनी ताट घट्ट धरून ठेवलं तर? पाहुण्याला तक्रार करता येणार नाही. न अडवण्याचं कर्तव्य त्यांच्यावर असतं, तरच त्याला हक्क आहे असं म्हणता आलं असतं.

‘क्विन विरुद्ध लेदम’ या १९०१च्या खटल्यात लॉर्ड लिंडली नेमके इथेच घसरले. उपजीविकेच्या मुभेतून त्यांनी थेट इतरांचं कर्तव्य काढलं. तसं कर्तव्य असेलही, पण त्याला वेगळा आधार दाखवायला हवा.

आणि दायित्व? मालक परवानगी मागे घेऊ शकतात. त्यांच्या एका शब्दाने पाहुण्याची मुभा संपू शकते, हेच त्याचं दायित्व.