एका प्रश्नाचे चार पर्याय

कामगार कायद्याच्या पदविकेच्या रात्रीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न फळ्यावर लिहितो. तो असा :

एका मळ्याच्या व्यवस्थापकावर काही कामगारांनी हल्ला केला. तो जबर जखमी होऊन रुग्णालयात दाखल झाला. दुसऱ्या दिवशी मालकाने मळ्याचा एक विभाग ‘पुढील सूचनेपर्यंत’ बंद केला. पाच आठवड्यांनी समेट होऊन विभाग पुन्हा उघडला. या मधल्या काळाला कायद्याच्या भाषेत काय म्हणावे? (अ) संप (ब) टाळेबंदी (क) ले-ऑफ (ड) कामगारकपात.

प्रश्न चार ओळींचा आहे आणि मला तो एखाद्या चांगल्या लघुकथेसारखा आवडतो. चारही पर्यायांत बाहेरून दिसणारे चित्र एकच : काम थांबलेले, माणसे रिकामी. वाचणाऱ्याने चित्राला भुलायचे नाही, ते कुणी काढले आणि कशासाठी, हे शोधायचे. त्यासाठी लागणारे सगळे प्रश्नात दिलेले आहे, पण वेगवेगळ्या शब्दांच्या आड.

पहिला पर्याय लवकर गळतो. संपाच्या व्याख्येचा प्राण ‘मिळून’ या एका कल्पनेत आहे. कामगारांनी एकत्र येऊन, किंवा आपसांतल्या समजुतीने, काम करायला नकार द्यायला हवा. इथे मारहाण झाली, ती काही जणांनी केली, पण काम बंद केले मालकाने. चौथा पर्यायही फार तग धरत नाही. कपातीत नोकरी संपते. इथे विभाग उघडला तेव्हा तीच माणसे परत आली. ‘पुन्हा उघडला’ हे दोन शब्द ‘ड’ला बाद करण्यासाठीच ठेवलेले आहेत.

खरी झुंज ‘ब’ आणि ‘क’ यांच्यात आहे, आणि वर्गातले निम्मे हात दरवर्षी ‘क’साठी वर येतात. त्याला ‘टाळेबंदी’ हा शब्दही थोडा जबाबदार आहे. एक तर 2020 च्या साथीत वर्तमानपत्रांनी तो लॉकडाऊनसाठी वापरला, त्यामुळे नव्या मुलांच्या कानात त्याचा अर्थ ‘सरकारी हुकमाने सगळे बंद’ असा बसला आहे. दुसरे म्हणजे त्यात टाळे आहे, आणि मुले प्रश्नात टाळे शोधतात. व्याख्येत मात्र टाळ्याची अट नाही. मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद केली, काम स्थगित केले, किंवा आपल्याकडच्या माणसांना कामावर ठेवणे नाकारले, तरी ती टाळेबंदी होते. फाटक सताड उघडे असतानाही टाळेबंदी असू शकते.

पण एवढ्याने भागत नाही. ले-ऑफमध्येही मालक काम देत नाही. वीज गेली म्हणून काम थांबवले तर तेही ‘काम स्थगित करणे’च ना? औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मधली टाळेबंदीची व्याख्या इथे अपुरी पडते. 1929 च्या जुन्या कायद्यात तिला एक शेपूट होते : हे बंद करणे वादातून आलेले असावे आणि कामगारांना अटी मान्य करायला लावण्यासाठी असावे. 1947 मध्ये ते शेपूट कापले गेले. म्हणून नुसत्या व्याख्या पाठ केलेला विद्यार्थी या प्रश्नात अडकतो. त्याला मूळ खटला माहीत असावा लागतो.

मूळ खटला निलगिरीतल्या कोटगिरीजवळच्या कैरबेट्टा मळ्याचा. जुलै 1957 मध्ये तिथल्या व्यवस्थापकावर हल्ला झाला, खालचा विभाग बंद झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तडजोडीनंतर उघडला. कामगारांनी त्या दिवसांची ले-ऑफची भरपाई मागितली. कामगार न्यायालयाने ती दिली. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि तो निकाल आपल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला. शेपूट कापले तरी टाळेबंदीचा स्वभाव बदललेला नाही, असे त्यांचे म्हणणे. संप जसा कामगारांचे हत्यार, तशी टाळेबंदी मालकाचे. ले-ऑफ हे हत्यार नव्हे. ती चालू धंद्यातली अडचण आहे.

ज्या ओळीवर सगळा वाद टेकला होता, ती मला या प्रश्नाची सर्वांत रसाळ जागा वाटते. ले-ऑफच्या व्याख्येत कारणांची यादी आहे : कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांची टंचाई, मालाचा साठा तुंबणे, यंत्र बिघडणे. आणि शेवटी, तेव्हाच्या मजकुरात, ‘किंवा इतर कोणत्याही कारणाने’. हल्ला, भीती, धमक्या हे ‘इतर कोणतेही कारण’ नाही का? शब्दांकडे पाहिले तर आहे. न्यायालयाने शब्दाऐवजी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहिले. कोळसा, वीज, यंत्र या रांगेत जो येऊन उभा राहील, तो त्यांच्याच जातकुळीचा हवा. मालक-कामगारांतली मारामारी त्या रांगेत शोभत नाही. म्हणून उत्तर ‘ब’.

पुढे 1982 मध्ये झालेल्या आणि 1984 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही समज मजकुरातच आणली. यादीत नैसर्गिक आपत्तीची भर पडली आणि ‘इतर कोणत्याही’ला ‘संबंधित’ हे विशेषण चिकटले. एका विशेषणासाठी संसदेला कलम उघडावे लागले, हे सांगताना मी फळ्यावर तो शब्द दोनदा अधोरेखित करतो.

मग मी प्रश्न उलटा करतो. कपातीच्या व्याख्येतही तसेच शब्द आहेत : शिस्तभंगाची शिक्षा सोडून ‘कोणत्याही कारणाने’ मालकाने सेवा संपवणे. इथेही ते आक्रसून वाचायचे का? सुरुवातीला तसेच झाले. सोलापूर जिल्ह्यातल्यांना परिचित असलेली बार्शी लाइट रेल्वे 1954 च्या पहिल्या दिवशी सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने सगळ्यांची सेवा संपवली, बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा घेतले. ही कपात का? नोव्हेंबर 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नाही. कपात म्हणजे चालू धंद्यातले जादा हात कमी करणे. धंदाच मालकाच्या हातून गेला तर ती कपात नव्हे. कामगारांच्या पदरात काही पडले नाही, आणि 1957 मध्ये कायदा दुरुस्त करून हस्तांतर व बंद पडणे यांसाठी भरपाईची वेगळी कलमे घालावी लागली.

त्यानंतर 1976 मध्ये स्टेट बँकेच्या एका हंगामी रोखपालाचा खटला आला. त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच नोकरी संपण्याची तारीख लिहिलेली होती. बँक म्हणाली, आम्ही काढले नाही, मुदत संपली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द पूर्ण रुंदीने वाचले आणि ही कपातच ठरवली. 1990 मध्ये घटनापीठाने हा रुंद अर्थ कायम केला. 1984 च्या एका वेगळ्या दुरुस्तीने मात्र कराराची मुदत संपून नूतनीकरण न होणे कपातीतून वगळले होते.

म्हणजे जवळजवळ तेच शब्द एका व्याख्येत अरुंद झाले, दुसऱ्या व्याख्येत रुंद राहिले. कारण शब्दांच्या जागेत आहे. ले-ऑफमध्ये ते लांब यादीच्या शेपटाला आहेत, यादी त्यांना ओढून धरते. कपातीत आधी यादीच नाही. उलट वगळायच्या गोष्टी पुढे नावानिशी सांगितल्या आहेत. जे वगळलेले नाही ते आत. चांगला प्रश्नकर्ता या जागेवरच सापळा लावतो. ‘यंत्र बिघडल्याने मालकाने दहा जणांची सेवा संपवली’ असे लिहितो आणि पहिला पर्याय ‘ले-ऑफ’ ठेवतो. कारण ले-ऑफचे, कृती कपातीची. उत्तर कृतीवरून ठरते.

या दोघांमधली भिंत म्हणजे मस्टर. ले-ऑफच्या व्याख्येत कामगाराचे नाव हजेरीपटावर असलेच पाहिजे. त्यावर माझा दुसरा आवडता प्रश्न आहे. कामगार सकाळी सातला हजर झाला. त्याला काम दिले नाही, दुपारच्या अर्ध्या पाळीत यायला सांगितले. तो आला, तरी काम नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून रोजचे 600 रुपये असतील, तर त्या दिवसाचे त्याला किती मिळतील?

घाईत असलेला 300 लिहितो, कारण ले-ऑफची भरपाई निम्मी हे पाठ असते. हजर झाल्यापासून दोन तासांत काम न दिल्यास तो दिवस ले-ऑफचा, हेही पाठ असते. पण व्याख्येला जोडलेले स्पष्टीकरण पुढे जाते. दुपारी बोलावले, माणूस आला आणि काम दिले नाही, तर ती अर्धी पाळी ले-ऑफ धरायची नाही; तिचे पूर्ण पैसे द्यायचे. सकाळच्या 300 चे निम्मे 150, दुपारचे 300, एकूण 450. दुपारी काम दिले असते तरी 450च. मालकाने एकदा बोलावले की काम नसल्याचा भार त्याचा. अर्थात भरपाईसाठी एक वर्षाची सलग सेवा हवी आणि कामगार बदली किंवा नैमित्तिक नसावा, हे प्रश्नात सांगायला विसरणारा प्रश्नकर्ता स्वतःच नापास होतो.

संपावरचे प्रश्न मला पूर्वी फिके वाटत. आता तसे राहिले नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपाच्या व्याख्येला नवी भर आहे : एखाद्या दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संप. दोनशेच्या कारखान्यात शंभर अर्ज आले की संप. नव्व्याण्णव आले तर? नव्या ओळीत बसत नाही, पण ‘मिळून काम नाकारणे’ ही जुनी ओळ अजून तिथेच आहे. इथे मी उत्तराला खूण करत नाही, वर्गाला वाद घालू देतो.

गेल्या वर्षी एका कारखान्यातल्या फिटरने पहिल्या प्रश्नाला ‘क’ लिहिले होते. निकाल सांगितल्यावर तो म्हणाला, “सर, उत्तर कळलं. पण मळ्यातली सगळी माणसं तर त्या मारहाणीत नव्हती. त्यांचे पाच आठवडे गेलेच ना?” गेलेच. टाळेबंदी समर्थनीय होती की नव्हती, हा निराळा वाद झाला असता, आणि त्या दिवसांचा पगार तिथे मागता आला असता. त्यांनी मागितली होती ले-ऑफची भरपाई, म्हणजे निम्मे पैसे, आणि नाव चुकल्यावर तेही गेले. फिटरने वहीत ‘क’वर काट मारली, ‘ब’ लिहिले आणि त्याखाली ‘संबंधित’ हा शब्द उतरवून घेतला.