'धग'च्या मलपृष्ठावर काय लिहावे?

उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्या मलपृष्ठासाठी इथे धारणीत बसून मी मजकूर लिहून पाहिला. शेवट फुटतो तो घटनांपेक्षा विशेषणांनी. कौतिकला 'दुर्दैवी' म्हटले, कादंबरीला 'शोकांतिका' म्हटले, की एकही प्रसंग न सांगता सारे सांगून होते. (समीक्षकांचा हा लाडका शब्द.) 'अखेर' आणि 'तरीही' हेही तसेच चुगलखोर.

म्हणून कौतिकच्या हाती अजून डाव आहे, तिथवरच थांबायचे. माझा मसुदा असा :

'महादेव शिंपी. त्याच्या कमाईत संसार भागत नाही. कौतिक नवऱ्याला, पोरांना घेऊन नव्याने घर मांडायला निघते. पडेल ते काम करीन, पण पोरांना उपाशी ठेवणार नाही, हा तिचा हट्ट आहे.'

शेवटचे वाक्य वर्तमानकाळात आहे. 'होता' लिहिले असते, तर हट्टाचे काय झाले तेही कळले असते. महादेवचे आजारपण मुद्दाम गाळले, कारण ते आधी कळले तर वाचक कौतिककडे न बघता त्याचीच वाट पाहतो. वऱ्हाडी बोली मात्र लपवू नये. पात्रे वऱ्हाडीत बोलतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असावे.