एकटा हस्तिदंत काय सांगतो?

'समुद्रात खजिना सापडला' या बातमीवर आमचा आक्षेप आहे. आपण संभाजीनगरकर अजिंठा जाणतो. तिथल्या चित्राचा तुकडा कापून नेला, तर तुकडा उरतो, गोष्ट जाते. बुडालेल्या जहाजाचं तसंच.

गोव्याजवळच्या सुंची रीफ या खडकाळ जागी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. एकटा हस्तिदंत फक्त हत्ती सांगतो. सगळं एकत्र पाहिलं, तेव्हा सतराव्या शतकातलं पोर्तुगीज व्यापारी जहाज ओळखता आलं.

म्हणून आधी तळावर मोजपट्टी ताणायची, तिच्यावरच्या दोन खुणांपासून प्रत्येक वस्तूचं अंतर घ्यायचं, नकाशा काढायचा. हात मग लावायचा. आठवण म्हणून उचललेला दात उद्या परत मिळेलही, पण तो नेमका कुठे, कशाशेजारी पडला होता, हे परत मिळत नाही.