‘तुमचा प्रश्न येथे लिहा’ या ओळीत चुकतं काय?

समजा, परभणीतल्या शेतकऱ्याने सल्ल्याच्या ॲपवर पहिला मेसेज टाकला: ‘सोयाबीन पिवळं पडलंय.’ दोष त्याचा नाही. चौकटीतली फिकट ओळ फक्त ‘तुमचा प्रश्न येथे लिहा’ म्हणते. काय सांगायचं ते सांगतच नाही.

तज्ज्ञाला आधी कळायला हवं की पिवळी कोणती पानं. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर सुरुवात खालच्या पानांपासून होते. म्हणून ओळीत नमुनाच द्या: ‘उदा. सोयाबीन 30 दिवसांचं, वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या’. पण टाइप करायला लागलं की ही ओळ गायब होते. त्यामुळे ‘पीक, वय, कोणती पानं’ एवढं चौकटीच्या वर कायम दिसू द्या.

खाली चिप्स, म्हणजे छोटी बटणं, ठेवा: ‘वरची पानं’, ‘खालची पानं’. बटण दाबल्यावर शब्द चौकटीत यावेत, मेसेज लगेच जाऊ नये. ‘नक्की माहीत नाही’ हेही हवंच. नाहीतर माणूस पहिलं बटण दाबून मोकळा होतो आणि मेसेज स्पष्ट दिसतो, पण चुकीचा असतो.

बदलाचा उपयोग झाला का, हे मेसेजच्या लांबीवरून ठरवू नका. तज्ज्ञाला उलट प्रश्न किती वेळा विचारावा लागला आणि किती जण न लिहिताच परत गेले, ते मोजा.