दहापैकी दहा मार्क, पण कशाचे?

स्वीडिश शिकायला सुरुवात केली की पहिल्या महिन्यातच गाळलेल्या जागांची एक वर्कशीट हातात पडते. त्यात 'देन ___ बीलेन' आणि 'देत ___ हूसेत' अशा दहा ओळी असतात, आणि कंसात 'स्तूर' म्हणजे 'मोठा' हे विशेषण. उत्तर 'देन स्तूरा बीलेन' (ती मोठी गाडी), 'देत स्तूरा हूसेत' (ते मोठं घर). मुलं दहापैकी दहा मिळवतात. पण ही चाचणी मोजते काय, हे जरा बघू या.

स्वीडिशमध्ये नामांची लिंगं दोन: एक 'एन'वालं, दुसरं 'एत'वालं. 'बील' एनवालं, 'हूस' एतवालं. 'ती गाडी', 'ते घर' असं ठरावीक वस्तूबद्दल बोलताना नामाच्या शेवटी प्रत्यय लागतो: बीलेन, हूसेत. मध्ये विशेषण आलं की पुढे 'देन' किंवा 'देत'सुद्धा लागतं आणि विशेषण 'स्तूरा' होतं. गंमत अशी की या जागी लिंग कुठलंही असो, शेवट 'आ'च. म्हणजे लिंग अजिबात माहीत नसलेल्याने दहाही जागी 'आ' लिहिला तरी पूर्ण मार्क! लिंग सांगणारे 'देत' आणि 'हूसेत' तर आधीच छापलेले आहेत.

मराठीत असंच होतं बघा. 'मोठी गाडी', 'मोठं घर' यात लिंग दिसतं, पण 'मोठ्या गाडीत', 'मोठ्या घरात' यात नाही. 'मोठ__ घरात' एवढंच विचारून कुणाला घराचं लिंग येतं का, हे कळेल का?

खरी अडचण वर्कशीटच्या बाहेर आहे. एकच घर चार प्रकारे बघा:

एत स्तूर्त हूस – एक मोठं घर
देत स्तूरा हूसेत – ते मोठं घर
मित स्तूरा हूस – माझं मोठं घर
हूसेत एर स्तूर्त – घर मोठं आहे

तिसऱ्या ओळीत विशेषणाला 'आ' आहे, पण नामाचा प्रत्यय गेला. चौथीत नामाला प्रत्यय आहे, तरी विशेषण 'स्तूर्त', कारण ते 'आहे'च्या पलीकडे गेलं आणि तिथे पुन्हा लिंग पाळावं लागतं. फक्त दुसऱ्या ओळीचा सराव केलेला माणूस हमखास 'मित स्तूरा हूसेत' आणि 'हूसेत एर स्तूरा' लिहितो. उत्तरात सगळीकडे 'आ' दिसला, तर समजा नियम नाही, सवय शिकली गेलीय.

दुरुस्ती सोपी आहे. चारही प्रकार मिसळा, 'देत' आणि नामाचा प्रत्यय छापू नका, कंसात फक्त 'हूस, स्तूर' द्या. मात्र मग एका सुट्या वाक्यात 'एक घर' की 'ते घर' हे ठरत नाही, दोन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात. म्हणून दोन वाक्यं जोडून द्यावी लागतात: पहिल्यात घराचा प्रथम उल्लेख, दुसऱ्यात त्याच घराचा परत. तपासायला वेळ जास्त जातो हे खरं, पण निदान मार्क कशाचे दिले ते तरी सांगता येतं.