विनाऑक्सिजन श्वसन आणि किण्वन : एका रूढ वर्गीकरणाची चिकित्सा

जीवाणूंचे ऊर्जाचयापचय 'ऑक्सिजनसह' व 'ऑक्सिजनविना' असे विभागण्याची अध्यापनातील रूढी अपुरी आहे. खरा निकष अंतिम इलेक्ट्रॉन ग्राहकाचा होय. ऑक्सिजन-श्वसनात तो ऑक्सिजन असतो, विनाऑक्सिजन श्वसनात नायट्रेट वा सल्फेट. किण्वनात मात्र पेशीतीलच पायरुव्हेटसारखा सेंद्रिय रेणू इलेक्ट्रॉन स्वीकारतो.

धाराशिवसारख्या ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यात मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी बंद पाचकात सोडल्यास हा भेद प्रत्ययास येतो. तेथे किण्वक जीवाणू हायड्रोजन व ॲसिटेट निर्माण करतात. सल्फेट विपुल असल्यास सल्फेट-क्षपणकारी जीवाणू त्यांवरच श्वसन करतात. परिणामी मिथेन घटतो व वायूस सडक्या अंड्यांचा दर्प येतो. दोन्ही क्रिया ऑक्सिजनविनाच घडत असल्याने रूढ वर्गीकरण या घटनेचा उलगडा करू शकत नाही.